कोठ्याचा तक्ता व त्याचे वाचन

शौचाचा विषय चारचौघांत काढणे आपल्याकडे असभ्य समजले जाते. तथापि घराघरांत सकाळच्या पहिल्या प्रहरी याच विषयाची सर्वांत अधिक चिंता वाहिली जाते, हेही तितकेच खरे. "आज कोठा साफ झाला नाही" हे वाक्य ज्या घरात वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकू येत नाही असे मराठी घर विरळाच. परंतु साफ म्हणजे काय, जड म्हणजे काय आणि जुलाब कशास म्हणावयाचे, हे विचारले तर प्रत्येकाचे उत्तर निराळे. कोणी दिवसातून एकदा झाले नाही की बद्धकोष्ठ समजतो. कोणी दोनदा झाले की जुलाबाची गोळी शोधतो. वैद्यासमोर बसल्यावरही हाच गोंधळ. रोगी म्हणतो, "जुलाब होतात". वैद्य समजतो एक आणि रोग्याच्या मनात असते दुसरेच.

हा गोंधळ कोठवर जाऊ शकतो हे समजण्यासाठी एक घर कल्पावे. सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून अधिक उंचीवर, नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ हे ठिकाण आहे. शहाद्याकडून घाट चढून तेथे जावे लागते. तेथील एका शाळेत एक शिक्षक नोकरीस आहेत, आणि पौषाच्या थंडीत त्यांचे वडील, बहात्तर वर्षांचे नाना, धुळ्याहून दोन महिने राहावयास आले आहेत. नानांचा कोठा जन्मभर नियमित. सकाळी चहा झाला की एकदा, असा त्यांचा शिरस्ता. तोरणमाळास आल्यानंतर दहाव्या दिवशी मात्र त्यांस अकस्मात पातळ होऊ लागले. दिवसातून तीनदा, मग पाचदा, आणि पुष्कळदा कळावयाच्या आतच धोतर खराब होऊ लागले. सूनबाईंनी विचारले, "नाना, बाहेरचं काही खाल्लंत का?" नानांनी काही खाल्ले नव्हते. घरात जुलाब थांबविणारी लोपरामाइडची गोळी होती, ती दिली गेली. दुसऱ्या दिवशी पातळ होणे तसेच चालू, आणि वर पोट फुगलेले, अन्नावर वासना नाही.

नानांस झाले होते ते जुलाब नव्हतेच. त्यांस बद्धकोष्ठ झाले होते, आणि तेही जबर. हे ओळखता कसे यावे, याचे उत्तर एका साध्या चित्रतक्त्यात आहे.

हा तक्ता इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी तयार झाला. तेथील डॉक्टर केनेथ हीटन व त्यांचे सहकारी यांस प्रश्न पडला होता तो असा: अन्न तोंडातून निघून गुदद्वारापर्यंत पोहोचावयास किती काळ घेते, हे क्ष-किरणांच्या खटाटोपाशिवाय सामान्य माणसास सांगता येईल काय? हा काळ निरोगी माणसात सामान्यतः एक ते तीन दिवसांचा असतो. १९९७ साली स्टीफन लुईस व हीटन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहासष्ट स्वयंसेवकांस क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक गोळ्या गिळावयास दिल्या आणि त्या किती वेळाने बाहेर पडतात हे मोजले. त्याबरोबरच प्रत्येकाने आपल्या मलाचे रूप सात चित्रांच्या तक्त्यावरून रोज नोंदवावयाचे होते. मग आतड्याची गती मुद्दाम बदलण्यात आली. सोनामुखीने ती वाढविली आणि लोपरामाइडने कमी केली. म्हणजे नानांच्या घरी जी गोळी देण्यात आली तीच. निष्पन्न असे झाले की, गती बदलली की मलाचे रूप बदलते. आणि दिवसातून किती वेळा शौचास झाले या आकड्यापेक्षा मलाचे रूप पाहून आतड्याच्या गतीचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो. आपल्या घरांतील सगळी चर्चा "किती वेळा" या प्रश्नाभोवती फिरते, तक्ता विचारतो, "कसे?"

याचे कारण मोठ्या आतड्याच्या कामात आहे. लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात दररोज साधारण दीड लिटर पातळ द्रव उतरतो. मोठे आतडे त्यातील बहुतेक पाणी शोषून घेते आणि शेवटी जे बाहेर पडते त्यात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असते. द्रव तेथे जितका अधिक काळ रेंगाळेल तितके पाणी अधिक शोषले जाईल आणि मल तितका कोरडा व खडबडीत होईल. तो घाईने पुढे सरकला तर पाणी शोषावयास सवड मिळत नाही व मल सैल राहतो. म्हणून मलाचे रूप हे आतड्यातील मुक्कामाचे एक घड्याळच म्हणावे लागेल. घड्याळ फार अचूक नाही, परंतु फुकट आहे आणि रोज आपोआप समोर येते.

आता ती सात रूपे पाहू. पहिले रूप म्हणजे सुट्या, कठीण खड्यांचे. शेळीच्या लेंड्या ज्याने पाहिल्या आहेत त्यास निराळे वर्णन नको. दुसऱ्या रूपात हेच खडे एकमेकांस चिकटून एक लांबट, गाठीगाठीचा गोळा झालेला असतो. बाहेर पडताना तोच सर्वांत अधिक त्रास देतो, कारण तो जाडही असतो व कठीणही. तिसरे रूप लांबट असून त्याच्या पृष्ठभागावर भेगा असतात, उन्हाने तडकलेल्या मातीसारख्या. चौथे रूप लांबट, गुळगुळीत व मऊ. सोललेल्या वेलची केळ्याची उपमा येथे चालेल, जेवावयास बसलेल्यांनी क्षमा करावी. पाचव्यात मऊ गोळे सुटे सुटे पडतात, पण प्रत्येकाची कड स्पष्ट असते आणि ते सहज बाहेर येतात. सहाव्यात कडा फाटलेल्या, विरविरीत असतात व सगळे घाटलेल्या पिठल्यासारखे दिसते. सातवे रूप म्हणजे नुसते पाणी, त्यात घट्ट कण एकही नाही.

तक्त्याच्या कर्त्यांच्या दृष्टीने पहिले व दुसरे रूप मंद गतीचे, सहावे व सातवे शीघ्र गतीचे आणि मधली तीन सामान्य. त्यांतही चौथे सर्वांत उत्तम. ही वाटणी जगभर मानली जाते. आतड्याच्या विकारांविषयी तज्ज्ञांनी जे आंतरराष्ट्रीय निकष ठरविले आहेत, त्यांतही असाच हिशेब धरलेला आहे. एखाद्याच्या एकंदर शौचांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक वेळा पहिले किंवा दुसरे रूप दिसत असेल, तर बद्धकोष्ठाचे एक लक्षण जमेस धरतात. जोर करावा लागणे, पुरते न झाल्यासारखे वाटणे यांसारखी इतर लक्षणेही सोबत पाहतात आणि हा त्रास महिनोन्महिने टिकलेला असावा लागतो. एका दिवसाच्या खड्यांवरून कोणासही बद्धकोष्ठाचा रोगी ठरवीत नाहीत.

येथे एक महत्त्वाची गोष्ट आपल्या लोकांनी ध्यानात घेतली पाहिजे. तक्ता ब्रिस्टलचा आहे; कोठा मात्र आपला आहे. पाश्चात्त्य ग्रंथांत दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत सर्व काही सामान्य, असे सांगितलेले असते. आपल्या देशात आठवड्यातून तीन वेळा शौचास होणारा मनुष्य स्वतःस सामान्य समजत नाही, व त्याचे समजणे चुकीचेही नाही. भारतातील पाहण्यांत निरोगी माणसांपैकी बहुतेकांस दिवसातून एकदा किंवा दोनदा होते, असेच आढळून आले आहे. आहारात कोंडा व तंतू अधिक, म्हणून मलही अधिक व मऊ. आफ्रिकेत बरीच वर्षे काम केलेले डॉक्टर डेनिस बर्किट यांनी १९७२ साली सहकाऱ्यांसह हीच गोष्ट मापून दाखविली. उगांडातील खेडुतांच्या दिवसाच्या मलाचे वजन इंग्लंडातील माणसांच्या मलाच्या सुमारे चौपट भरले, आणि अन्नाचा प्रवासही खेडुतांत पुष्कळ लवकर आटोपत असे. तोरणमाळच्या परिसरात ज्वारीची व मक्याची भाकरी, उडदाची आमटी आणि रानभाजी हे ज्यांचे रोजचे जेवण आहे, त्यांचा कोठा आणि सकाळी मैद्याची बिस्किटे व दुपारी पांढराशुभ्र तांदूळ खाणाऱ्या शहरी कारकुनाचा कोठा हे एकाच मापाने कसे मोजावे?

यास्तव आशियातील तज्ज्ञांनी, व २०१८ साली भारतीय तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या एकमतानेही, तिसऱ्या रूपास मंद गतीच्या बाजूस बसविले आहे. ब्रिस्टलमध्ये जो मनुष्य भेगाळलेल्या तिसऱ्या रूपावर समाधानी असतो, त्याच रूपाचा आपल्याकडील मनुष्य एक दिवसाआड जोर करून शौचास होते म्हणून कुरकुरतो. त्याची कुरकुर खरी मानावी. मात्र जो रोज भरपूर भाकरी खातो व दिवसातून दोनदा चौथ्या किंवा पाचव्या रूपाचे करून येतो, त्यास जुलाब झाले असे कोणी म्हणू नये. दोनदा हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. आपल्या आयुर्वेदाने कोष्ठाचे क्रूर, मृदु व मध्य असे तीन भेद करून ठेवले आहेत. एकाच औषधाने एकास काहीच होत नाही व दुसऱ्यास पळता भुई थोडी होते, ही गोष्ट आपल्या वैद्यांस फार पूर्वीपासून ठाऊक होती. प्रत्येकाने म्हणूनच प्रथम स्वतःचे नेहमीचे रूप कोणते हे चार-दोन आठवडे पाहून ठरवावे. त्यावरून होणारा बदल हाच खरा वाचावयाचा.

आता नानांकडे वळू. नाना जुन्या वळणाचे. दिनदर्शिकेच्या चौकोनात दूध, धोबी व औषध यांची नोंद करण्याची त्यांची सवय. समजा, त्याच चौकोनात त्यांनी शौचाच्या रूपाचा आकडाही लिहिला असता. तोरणमाळास आल्याच्या पहिल्या दिवशी चार. दुसऱ्या दिवशी चौकोन रिकामा. तिसऱ्या दिवशी तीन, चौथा रिकामा, पाचव्या दिवशी दोन, सहावा रिकामा. सातव्या दिवशी एक, म्हणजे पाऊण तास बसून चार खडे. आठवा व नववा दोन्ही रिकामे. आणि दहाव्या दिवशी एकदम सात, तीन वेळा. अकराव्या दिवशी पुन्हा सात, पाच वेळा.

ही ओळ डावीकडून उजवीकडे वाचली की गोष्ट आपोआप उलगडते. चार, तीन, दोन, एक असा आकडा पायरीपायरीने खाली उतरत गेला आहे व मधली अंतरे वाढत गेली आहेत. मग दोन दिवस काहीच नाही. आणि एकाएकी तक्त्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी. खरे जुलाब असे येत नाहीत. दगडी बांधास तडा गेल्यावर पाणी बांधाच्या कडेने झिरपते, तसा हा प्रकार आहे. गुदाशयात कठीण मलाचा गोळा घट्ट बसला आहे; वरून येणारा पातळ द्रव त्याच्या बाजूने वाट काढून खाली गळतो आहे. ओळखीच्या आणखी खुणा आहेत त्या अशा. दर खेपेस येते ते थोडे, कपडा भिजण्यापुरते. येण्यापूर्वी वेग जाणवत नाही, म्हणून धोतर खराब होते. बसल्यावर मात्र काही अडल्यासारखे वाटते. ओटीपोट फुगते, भूक मंदावते. म्हाताऱ्या माणसात कधी कधी मूत्रही तुंबते.

घरातील माणसांनी दहावा व अकरावा एवढेच दोन दिवस पाहिले. तेवढ्यांवरून कोणासही जुलाबच वाटले असते. पण लोपरामाइडने आतड्याची उरलीसुरली हालचालही थंड केली आणि गोळा आणखी घट्ट झाला. अशा वेळी इसबगोल देण्याचा मोह पुष्कळांस होतो. तोही टाळावा, वाट बंद असताना फुगणारे भुसकट वरून लोटले तर गर्दी वाढते, मार्ग मोकळा होत नाही. डॉक्टरांनी बोटास मोजा चढवून गुदाशयाची तपासणी केली की गोळा आहे की नाही हे सामान्यतः तात्काळ कळते. तो अधिक वर असेल तर पोटाचे क्ष-किरण चित्र काढावे लागते. गोळा सापडला की प्रथम बस्तीने किंवा हाताने खालची वाट मोकळी करतात व नंतर मल मऊ राखणारे औषध काही दिवस देतात. नानांचे असे झाले असते तर चौकोनांत पुढे सहा, पाच, पाच, चार असे आकडे दिसले असते. सहा पाहून घाबरावयाचे कारण नाही, ते औषधाचे आहेत.

पण नानांचा चारवरून एकवर उतार झाला कशाने? तेही त्याच दिनदर्शिकेत सापडते. थंडीमुळे त्यांनी पाणी निम्म्यावर आणले होते. शौचकूप घराबाहेर, म्हणून पहाटेचा वेग ते अंथरुणातच दडपीत. दडपलेला वेग निघून जातो व मल आत आणखी सुकतो. आणि दुसऱ्या दिवशी गुडघेदुखीसाठी एक गोळी सुरू झाल्याची नोंद होती, ट्रामाडॉलची. अफूच्या वर्गातील ही वेदनाशामके आतड्यास सुस्त करतात; कोडीनयुक्त खोकल्याचे औषधही त्यांतलेच. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधे यांचाही कोठ्यावर असाच परिणाम होऊ शकतो. नवे औषध व आकड्याची घसरण यांची तारीख जवळजवळ आली तर औषध मनाने बंद न करता ती नोंद डॉक्टरांपुढे ठेवावी. शंभर तोंडी तक्रारींपेक्षा असली एक ओळ त्यांस अधिक उपयोगी पडते.

याच घरातील नातवाची ओळ याच्याशेजारी ठेवून पाहावी म्हणजे फरक स्पष्ट होईल. तो सात वर्षांचा. एके दिवशी रानात खेळताना ओढ्याचे पाणी प्याला. आदल्या दिवशी चार. त्या रात्रीनंतर सहा एकदा व सात चारदा. पुढच्या दिवशी सात, सहा वेळा. मग सहा दोनदा, मग पाच, मग चार. येथे पूर्वीची घसरण नाही, रिकामे चौकोन नाहीत. आकडा चारवरून सरळ वर चढला आणि पाच-सहा दिवसांत पायरीपायरीने परत आला. प्रत्येक खेपेस येणारे पाणी पुष्कळ होते. हे खरे जुलाब. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही हीच आहे: चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा सैल अथवा पातळ शौच. घट्ट मल तीनदा झाला तर तो जुलाब नव्हे. आणि अंगावर पिणाऱ्या तान्ह्या मुलाचा रोजचा सैल, पिवळसर मल हाही जुलाब नव्हे, हे नव्या आयांस आवर्जून सांगावयास हवे.

नातवाच्या बाबतीत आकडा थांबविणे हे पहिले काम नसते. पाणी भरून काढणे हे असते. औषधाच्या दुकानातील क्षारसंजीवनीची पुडी मिळाली तर उत्तम. ती नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ, याहून मीठ अधिक नको. प्रत्येक पातळ शौचानंतर थोडे थोडे पाजावे आणि जेवण चालू ठेवावे. डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, मूल मलूल पडले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर घाट उतरावा लागला तरी दवाखाना गाठावा. जुलाब थांबविणारी गोळी लहान मुलास आपल्या बुद्धीने मुळीच देऊ नये.

शहरातील सुशिक्षित घरांत एक तिसरीही ओळ फार आढळते, आणि ती वाचणे थोडे कठीण असते. ती अशी: सहा, सहा, रिकामा, रिकामा, तीन, सहा, सहा, रिकामा, रिकामा. ही आहे दर चार दिवसांनी रात्री चूर्ण घेणाऱ्याची. बाजारातील पुष्कळ रेचक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्यास चाबूक मारते, सकाळी दोन-तीनदा सैल होते व सगळे मोठे आतडे रिकामे होते. रिकामे झालेले आतडे पुन्हा भरावयास दोन दिवस लागतात. या दोन दिवसांत काही न होणे अगदी स्वाभाविक आहे. पण चूर्ण घेणारा म्हणतो, "पाहा, औषध सोडले की होतच नाही!" आणि पुन्हा चमचा भरतो. त्याच्या आयुष्यात खरे रूप दिसण्याची संधीच येत नाही. म्हणूनच रेचक घेतलेल्या दिवसांच्या नोंदीवरून कोठ्याचा न्याय करू नये, असे तज्ज्ञही सांगतात. ज्यास हे चक्र मोडावयाचे आहे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने चूर्ण सोडून दोन आठवडे नुसती नोंद ठेवावी, आणि त्या काळात वाट मोकळी असेल तर पाण्याच्या मोठ्या पेल्याबरोबर इसबगोल घ्यावा. पाण्याशिवाय घेतलेला इसबगोल घशातच फुगून अडकण्याचे भय असते.

नोंद कशी ठेवावी याचेही एक-दोन बारकावे आहेत. आकडा लिहावयाचा तो पाणी ओतण्यापूर्वी पाहून. आपल्या जुन्या पद्धतीच्या भारतीय भांड्यात मल उथळ जागी पडतो व नीट दिसतो. खुर्चीवजा कमोडमध्ये तो पाण्यात पडतो आणि पाचव्या रूपाचे गोळे पाण्यात विरून सहाव्यासारखे भासतात. म्हणून तेथे पडताक्षणी पाहिले तरच खरे. एका वेळी दोन रूपे दिसली, म्हणजे आधी खडे व मागाहून मऊ, तर दोन्ही आकडे लिहावेत. पुढचा भाग गुदाशयात अधिक काळ राहिल्याने सुकलेला असतो एवढाच त्याचा अर्थ. माणसांची चूक बहुधा दोन-तीन व पाच-सहा यांच्यामध्ये होते. दोहोंत भेद करताना घाई करू नये: वर गाठी आहेत की भेगा, आणि गोळ्यांची कड शाबूत आहे की फाटलेली, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. आकड्याशेजारी जोर करावा लागला असेल तर एक फुली आणि वेग आवरला नसेल तर एक टिंब, एवढ्या खुणा पुरतात.

तक्त्यास रंग कळत नाही, हे मात्र विसरता कामा नये. चौथ्या रूपाच्या उत्कृष्ट मलातही रक्त असू शकते. डांबरासारखा काळा, चिकट व उग्र वासाचा मल वरच्या आतड्यातील रक्तस्रावाची खूण असू शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो, पण तो असा चिकट नसतो. माती किंवा राखेसारखा फिका मल आणि त्याबरोबर डोळ्यांत पिवळेपणा, म्हणजे पित्ताची वाट अडली असण्याचा संभव. लाल रंग पाहिल्यावर आदल्या दिवशी बीट खाल्ले होते काय, हे आठवून पाहावे. खाल्ले नसेल तर मूळव्याध असेल असे घरीच ठरवून मोकळे होऊ नये. वजन उतरणे, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब आणि पन्नाशीनंतर नेहमीच्या आकड्यात काही आठवडे टिकलेला बदल, मग तो दोनकडे असो वा सहाकडे, यांपैकी काही असेल तर चौकोनांची दिनदर्शिका घेऊन डॉक्टरांकडे जावे. त्यांनी बोट घालून तपासावयास म्हटले तर संकोचाने नकार देऊ नये. नानांच्या गोळ्याचा पत्ता तेथेच लागतो, आणि गुदाशयातील गाठीचाही पुष्कळदा तेथेच.